तीन पिढ्या, सव्वाशे शब्द: कादंबरीच्या मलपृष्ठावरचा मजकूर

पहिली कादंबरी लिहून झालेल्या लेखकाला प्रकाशकाकडून एक दिवस निरोप येतो: मलपृष्ठासाठी मजकूर पाठवा. तेव्हा पडणारा प्रश्न बहुधा एकच असतो. जी गोष्ट सांगायला चारशे पाने लागली, ती एका पानाच्या मागे कशी मावायची? गोष्ट तीन पिढ्यांची असली आणि बंद पडत चाललेल्या गिरणीच्या शहरात घडत असली, तर अडचण आणखी वाढते, कारण प्रत्येक पिढीला आपापला काळ आणि आपापले दुःख असते आणि लेखकाला त्यातले काहीच वगळवत नाही. या प्रकरणात अशाच एका कादंबरीचा मजकूर सुरुवातीपासून छपाईपर्यंत तयार होताना पाहायचा आहे. कादंबरी उदाहरणापुरती कल्पिलेली आहे. तिचे शहर मात्र खरे आहे: सोलापूर.

१. जागा किती असते

लिहायला बसण्याआधी जागा मोजावी. मराठी कादंबऱ्या बऱ्याचदा डेमी आकारात निघतात, म्हणजे रुंदी साधारण साडेपाच इंच आणि उंची साडेआठ. चारही बाजूंना अर्धा इंच समास सोडला की साडेचार बाय साडेसात इंच उरतात. तळाशी आयएसबीएनची पट्टी, प्रकाशनाचे चिन्ह आणि किंमत यांत दीड इंच जातो. लेखकाचे छायाचित्र आणि चार ओळींचा परिचय आणखी दोन इंच घेतात. उरली चार इंच उंची. अकरा पॉइंटच्या टंकात ओळींमध्ये मोकळा श्वास ठेवला तर त्यात जेमतेम एकोणीस ओळी बसतात. परिच्छेदांमधल्या दोन रिकाम्या ओळी सोडल्या आणि एका ओळीत आठ शब्द धरले, तर हिशेब एकशे छत्तीसवर येतो. परिच्छेदांच्या शेवटच्या अर्धवट ओळी वजा केल्या की सव्वाशे शब्द हाती राहतात.

हा आकडा आधी कळला तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. अडीचशे शब्द लिहून ते नऊ पॉइंटमध्ये कोंबायची सूचना लेखक नेहमी करतात. पण पुस्तक हातात घेऊन उभ्याने वाचणारा माणूस तसा मजकूर वाचत नाही, पुस्तक उलटून पुन्हा समोरचे चित्र पाहतो. लेखकाचा परिचय आतल्या पानावर हलवून दोन इंच मिळवता येतात. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाचा परिचय तसाही लहानच असतो, म्हणून ही सोय त्याला परवडते.

२. पाठराखण आणि गोष्ट

मराठी पुस्तकाच्या मागे दोन प्रकारचा मजकूर दिसतो. एक पाठराखण: एखाद्या ज्येष्ठ लेखकाने किंवा समीक्षकाने सहीनिशी लिहिलेला अभिप्राय. दुसरा बिनसहीचा मजकूर. तो संपादक किंवा स्वतः लेखक लिहितो आणि पुस्तकात काय आहे ते त्यातून कळते. नव्या लेखकाचे नाव वाचकाला माहीत नसते, त्यामुळे ओळखीच्या नावाची पाठराखण घ्यावी असे प्रकाशकाला वाटणे साहजिक आहे. अडचण येते ती पाठराखणीने सगळी जागा व्यापल्यावर. मग वाचकाला एवढेच कळते की कोणा मोठ्या माणसाला हे पुस्तक आवडले. कशाबद्दल आहे, ते कळतच नाही.

पाठराखणीतली दोन वाक्ये पुरतात, तीही एखादी नेमकी गोष्ट सांगणारी असतील तरच. ‘साचेखात्यातला आवाज या संवादांतून ऐकू येतो’ असे वाक्य उपयोगाचे आहे. ‘मराठी कादंबरीला नवे वळण देणारी’ हे वाक्य शेकडो पुस्तकांच्या मागे छापून झाले आहे आणि कोणत्याही कादंबरीला लागू पडते. पाठराखण लांब आणि चांगली असेल तर ती प्रस्तावना म्हणून आत घ्यावी आणि मलपृष्ठ गोष्टीसाठी मोकळे ठेवावे. ज्येष्ठ लेखकाला हे सांगणे अवघड जाते, म्हणून किती शब्द हवेत हे मागतानाच सांगितलेले बरे.

३. तीन पिढ्यांतली एकच व्यक्ती

आता उदाहरणाची कादंबरी. आजी नरसव्वा 1914 सालची. सोळाव्या वर्षी ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळते आहे. तिचा मुलगा अंबादास 1942 सालचा. अठराव्या वर्षी तो साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागतो, पुढे कायम होतो आणि 1995 मध्ये गिरणी बंद पडते तोवर तिथेच राहतो. त्याची बायको घरी विड्या वळते. नात रेणुका 1972 सालची, गिरणीच्या चाळीत वाढलेली, बी.कॉम. झालेली, एका वकिलाच्या कचेरीत टाइपिंग करते. गिरणी अवसायनात निघाल्यावर न्यायालयाने नेमलेला अवसायक कामगारांकडून थकलेल्या देण्यांचे दावे मागवतो. त्या दाव्यांची यादी 1999 मध्ये रेणुकाच्या हातून टाइप होते आणि तीत वडिलांचे नाव नाही, हे तिच्या लक्षात येते.

पहिल्या मसुद्यात लेखक हमखास आजीपासून सुरुवात करतो, कारण कादंबरी तिथून सुरू होते. मलपृष्ठावर हा क्रम चालत नाही. आजी, मग बाप, मग नात असे सांगत गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस शब्द येतात आणि चाळीस शब्दांत माणसाचे फक्त नाव आणि काम सांगून होते. म्हणून एकच व्यक्ती निवडायची आणि बाकीच्या दोघांना तिच्या अडचणीतून दिसू द्यायचे.

निवड करायची ती पुढच्या प्रश्नावरून: इतर दोघांच्या आयुष्यांचे परिणाम कोणाच्या समोर येऊन पडतात? इथे उत्तर रेणुका. यादी तिच्या हातात आहे, वडिलांचे मौन तिला भेडसावते आहे आणि आजीला ठाऊक असलेले ती विचारू शकते. कादंबरीतली अधिक भव्य व्यक्ती आजी असेल, अनेक वाचकांना शेवटी तीच आवडेल. तरीही मलपृष्ठावर रेणुकाच पुढे हवी.

या निवडीत रेणुकाची आई पूर्ण वगळली जाते आणि ते खुपते. सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचा इतिहास गिरणीच्या इतिहासाइतकाच मोठा आहे. विसाव्या शतकात गिरण्यांमधल्या बायकांचे प्रमाण घटत गेले. सासू खात्यात जात होती आणि सून घरात बसून तेंदूपान कापते, या एका फरकात कादंबरीचे अर्धे म्हणणे आहे. पण मजकुरात आईचे नाव घातले की चौथे पात्र येते आणि वाचक नाती जुळवत बसतो. आईला तिच्या कामातून एखादा शब्द देता आला तर द्यावा, नाहीतर तिला पुस्तकात भेटू द्यावे.

तारखांचा हिशेबही इथेच करून घ्यावा. असल्या मजकुरात ‘शंभर वर्षांचा पट’ हे शब्द फार सहज येतात. या कादंबरीची पहिली घटना 1930 मधली आणि शेवटची 1999 मधली. म्हणजे एकोणसत्तर वर्षे. शंभर नव्हेत. वाचक पाने उलटताना हे मोजत नसेलही, पण परीक्षण लिहिणारा मोजतो.

४. शहर ओळखू आले पाहिजे

गिरणी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी मुंबई येते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप, दत्ता सामंत, लालबाग आणि परळ. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने आणि त्यावर आधारित चित्रपटाने हे चित्र आणखी पक्के केले. सोलापूरच्या कादंबरीचा मजकूर ‘गिरण्या बंद पडल्या आणि कामगार देशोधडीला लागला’ असा सुरू झाला, तर वाचक त्याच ओळखीच्या चित्रात तो बसवतो आणि हे आपण वाचलेले आहे असे मानून पुस्तक खाली ठेवतो.

सोलापूर वेगळे कशाने, हे एक-दोन तपशिलांतून कळू शकते. इथली पहिली गिरणी, लोक जिला जुनी गिरणी म्हणत, 1877 मध्ये सुरू झाली. कामगारांमध्ये तेलंगणाच्या भागातून आलेली पद्मशाली विणकर घराणी मोठ्या संख्येने होती, त्यामुळे घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड-उर्दू अशी भाषांची सरमिसळ एकाच गल्लीत ऐकू येते. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर शहर उसळले, पोलिसांनी गोळीबार केला, काही दिवस सरकारचा अंमल उरला नाही आणि मग मार्शल लॉ पुकारण्यात आला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली.

यातले मलपृष्ठावर किती घ्यायचे? फक्त तीन शब्द: 1930 चा मार्शल लॉ. सोलापूरच्या वाचकाला तेवढे पुरते आणि इतरांना कुतूहल वाटते. चार हुतात्म्यांची नावे घातली तर कादंबरी ऐतिहासिक असल्याचा समज होतो, आणि ती तशी नाही.

एक चूक मात्र वरचेवर होते. सोलापूर म्हटले की चादर आठवते, म्हणून गिरणीतला अंबादास चादरी विणताना दाखवला जातो. सोलापुरी चादर मुख्यतः यंत्रमागाच्या छोट्या कारखान्यांतून निघते. मोठ्या कापडगिरणीच्या साचेखात्याशी तिची गल्लत केली की शहरातला पहिलाच वाचक ती पकडतो. मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही हे सांगून ठेवावे.

शब्द कामगारांच्या तोंडातले घ्यावेत. मागाला साचा, विभागाला खाते, शिफ्टला पाळी, सायरनला भोंगा. पण सव्वाशे शब्दांत असे दोन-तीनच पेलतात आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच्या वाक्यातून लागला पाहिजे. ‘पस्तीस वर्षे साचेखात्यात’ हे कोणालाही कळते. साच्याच्या भागांची नावे ओळीने घातली तर मजकूर यादीसारखा होतो.

५. कुठे थांबायचे

साडीच्या दुकानात आधी पदर उलगडून दाखवतात, तसे मलपृष्ठाचे काम आहे: नक्षी कोणत्या जातीची आहे ते कळावे आणि घडी मोडू नये. ढोबळ नियम असा की पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशानंतर घडणारे काहीही मलपृष्ठावर येऊ नये. चारशे पानांच्या कादंबरीत ही हद्द शंभराव्या पानाच्या आसपास पडते. या कादंबरीत वडिलांचे नाव यादीत नाही, हे रेणुकाला साठाव्या पानावर कळते. ते सांगता येते. नाव का नाही, हे तीनशे चाळिसाव्या पानावर उलगडते. ते झाकून ठेवायचे.

झाकायचे म्हणजे गूढ भाषा वापरायची असे नाही. ‘एक काळे रहस्य’, ‘भूतकाळाच्या सावल्या’ अशा शब्दांतून वाचकाला काहीच मिळत नाही, कारण रहस्य कशाबद्दल आहे ते समजत नाही. नाव यादीत नाही, ही बाब उघड सांगितली की कुतूहल आपसूक निर्माण होते. मजकुराने तथ्य स्पष्ट ठेवावे आणि कारण राखून ठेवावे.

शेवटी प्रश्नचिन्हांची रांग लावायचाही मोह होतो: रेणुका सत्य शोधू शकेल का? वडील बोलतील का? चाळ वाचेल का? अशा प्रश्नांना वाचक मनात ‘हो, असेल’ म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याऐवजी पात्रापुढची निवड सांगावी, आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी गमवावे लागणार आहे हे दिसू द्यावे. नाव यादीत घालण्यासाठी चाळीत विचारपूस करावी लागेल, आणि विचारपूस केली तर वडिलांना तिथे तोंड दाखवता येणार नाही. एवढे सांगितले की प्रश्नचिन्हाची गरज उरत नाही.

६. दोन मसुदे

पहिला मसुदा साधारणपणे असा येतो:

‘गिरणीच्या भोंग्यावर जगणारे एक शहर. तीन पिढ्यांचा संघर्ष. शंभर वर्षांचा विलक्षण पट. नरसव्वा, अंबादास आणि रेणुका यांच्या आयुष्यांतून उलगडणारी ही कहाणी म्हणजे कष्टकऱ्यांच्या घामाची, अश्रूंची आणि स्वप्नांची हृदयस्पर्शी गाथा आहे. काळाच्या ओघात हरवत चाललेल्या एका संस्कृतीचा वेध घेणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी, मराठी साहित्यात मोलाची भर घालणारी कादंबरी.’

भाषा नीटनेटकी आहे, तरीही मजकूर चुकलेला आहे. शहराचे नाव काढून टाकल्याने ते कोणतेही गिरणीचे शहर होऊ शकते. तिघांची नावे आहेत, पण कोण कोणाचे ते कळत नाही. घाम, अश्रू आणि स्वप्ने या शब्दांत कादंबरीतली एकही घटना नाही. आणि शेवटची तीन विशेषणे लेखकाने स्वतःलाच बहाल केली आहेत. ती बिनसहीच्या मजकुरात आली की वाचकाला ते लगेच जाणवते. तपासायची सोपी रीत अशी: नावे झाकून हाच मजकूर दुसऱ्या एखाद्या कादंबरीच्या मागे छापून पाहायचा. तो चपखल बसत असेल तर पुन्हा लिहायचा.

दुसरा मसुदा:

‘सोलापूर, 1999. गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली आहेत. कामगारांच्या थकलेल्या देण्यांची यादी एका वकिलाच्या कचेरीत तयार होते आहे, आणि ती टाइप करणारी रेणुका त्याच गिरणीच्या चाळीत वाढलेली आहे. यादीत चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं एक नाव आहे. तिच्या वडिलांचं नाही.

अंबादास पस्तीस वर्षं साचेखात्यात होते. आपलं नाव का नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते सांगत नाहीत. सांगू शकेल अशी घरात आणखी एकच व्यक्ती आहे: पंच्याऐंशी वर्षांची नरसव्वा. 1930 च्या मार्शल लॉच्या दिवसांत ती याच गिरणीत सूत गुंडाळत होती आणि तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत घरातल्या दोन पिढ्यांचे गिरणीचे कागद आहेत.

दावे दाखल करायला एकवीस दिवस उरलेत. नाव घालायचं तर चाळीत विचारपूस करावी लागेल, आणि ती केली तर वडिलांना त्या चाळीत राहता येणार नाही, अशी भीती रेणुकाला वाटते.

घरात तेलुगू आणि शाळेत मराठी बोलत मोठ्या झालेल्या एका मुलीची, आणि तिच्या घरातल्या न बोललेल्या गोष्टींची कादंबरी.’

तीन पिढ्या इथे आहेत, पण क्रमाने नाहीत. सर्वात अलीकडची आधी येते, मग बाप, मग आजी, कारण रेणुकाचा शोध त्याच वाटेने जातो. गिरणी बंद पडल्याचे दुःख कोठेही शब्दाने सांगितलेले नाही, चार वर्षे थकलेल्या देण्यांतून ते कळते. एकवीस दिवसांची मुदत कादंबरीत खरोखर असली पाहिजे. मलपृष्ठावर घाई दाखवायची म्हणून मुदत घातली आणि आत संथ आठवणी निघाल्या, तर वाचक फसवला जातो आणि तो पुढचे पुस्तक घेत नाही. ही कादंबरी संथ असती तर मुदतीचे वाक्य काढून ट्रंकेतल्या कागदांवर भर देणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

हा मसुदा सव्वाशेच्या थोडा पुढे जातो. काटछाट करायची झाली तर शेवटचे वाक्य आधी जावे. ते सुबक आहे, पण गोष्टीत काही भर घालत नाही. त्यातला तेलुगू-मराठीचा उल्लेख मात्र शहराची ओळख आहे. तो पहिल्या परिच्छेदात हलवावा आणि रेणुका ‘घरी तेलुगू बोलणारी’ म्हणून यावी. गोष्टीतले अंबादास आदरार्थी आणि आजी एकेरी, हा फरक मात्र चुकीने झालेला नाही. मजकूर रेणुकाच्या बाजूने बोलतो, आणि अनेक मराठी घरांप्रमाणे या घरातही वडिलांना अहोजाहो आणि आजीला एकेरीने हाक आहे.

७. छपाईआधी

मजकूर तयार झाला की तो कादंबरी न वाचलेल्या एखाद्याला मोठ्याने वाचायला द्यावा आणि नंतर दोनच गोष्टी विचाराव्यात: रेणुकाला काय हवे आहे, आणि आड काय येते? उत्तर देताना तो चाचरला तर दोष मजकुरात आहे. वाचताना जिथे श्वास अपुरा पडला, ते वाक्य तोडावे.

ऑनलाइन विक्रीच्या यादीत हाच मजकूर जसाच्या तसा वापरला जातो आणि तिथे बऱ्याचदा सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचे वाचायला बोट लावावे लागते. म्हणून ‘तिच्या वडिलांचं नाही’ हे वाक्य शक्य तितके वर हवे. मधले चाळीचे वाक्य आखडते घेतले तर ते आणखी एक ओळ वर सरकते. पहिल्या ओळीत लेखकाचे नाव किंवा ‘ही कादंबरी’ असे शब्द घालून जागा वाया घालवू नये. नाव शेजारीच छापलेले असते.

‘पहिलीच कादंबरी’ हा उल्लेख गोष्टीच्या मजकुरात नको, परिचयाच्या ओळीत असावा. तिथे लेखिका सोलापूरची आहे, तिच्या घरात कोणी गिरणीत होते, एवढे खरे असेल तर तेही लिहावे, कारण तिला हे जग आतून माहीत आहे याची ती एकमेव खूण असते. शेवटची तपासणी कच्च्या छपाईवर करावी. 1930 आणि 1999 हे आकडे आतल्या पानांशी जुळतात का, नरसव्वाचे वय बरोबर येते का, मजकुरातली पात्रांची नावे शुद्धलेखनासह आत तशीच आहेत का, आणि आयएसबीएनची पट्टी आतल्या पानावरच्या क्रमांकाशी मिळते का. मसुद्यात कोठेतरी ‘नरसम्मा’ राहिलेली असते, आणि पुस्तक बांधून आल्यावर ती सर्वात आधी दिसते.